एकाच घरात चौघांना फ्लू, औषध मात्र दोघींनाच: ओसेल्टामिव्हिरचं एक प्रकरण

ऑगस्टचा दुसरा आठवडा, सातारा शहर. एका घरात चार दिवसांत चार जण तापाने आडवे झाले. हे घर नेमकं कुणा एकाचं नाही. पावसाळ्यात अशी जी अनेक घरं दवाखान्यात येतात, त्यांच्या तपशिलांतून ते अभ्यासासाठी जुळवलं आहे. औषधाचे डोस, आकडे आणि कारणं मात्र खरी आहेत.

पहिला आजारी पडला सहा वर्षांचा नातू, शुक्रवारी संध्याकाळी. शाळेत वर्गातली पाच-सहा मुलं आधीच रजेवर होती. रविवारी सकाळी नऊच्या सुमारास त्याचे वडील, वय ३८, अंगात कसलाही जुना आजार नाही. सोमवारी पहाटे पाचला आजी हुडहुडी भरून उठल्या. वय ६८, वजन ५६ किलो, चौदा वर्षांचा मधुमेह, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू, महिन्यापूर्वीच्या तपासणीत मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.४. मंगळवारी दुपारी दोनला सूनबाईंना कणकण सुरू झाली. वय ३१, गरोदरपणाचा सव्वीसावा आठवडा चालू.

मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता सगळे एकत्र डॉक्टरांकडे गेले. नातवाचा घसा आदल्या दिवशी तपासला होता आणि इन्फ्लुएंझा ए चा अहवाल हातात होता. त्यामुळे बाकी तिघांना काय झालंय हा प्रश्न जवळपास सुटलेलाच होता. घरात एकाला खात्रीचा फ्लू आहे आणि दोन-तीन दिवसांत दुसऱ्याला एकदम ताप, अंगदुखी, कोरडा खोकला सुरू झाला, तर तोही फ्लूच धरून चालतात. नातवाच्या वडिलांनी विचारलं, "डॉक्टर, चौघांनाही टॅमिफ्लू द्या ना, एकदाचं संपून जाऊ दे." टॅमिफ्लू हे ओसेल्टामिव्हिरचं सगळ्यात ओळखीचं झालेलं व्यापारी नाव. डॉक्टरांनी औषध दोघींनाच लिहून दिलं, आजींना आणि सूनबाईंना.

आधी घड्याळ, मग चिठ्ठी

डॉक्टरांनी प्रत्येकाला एकच गोष्ट खोदून विचारली: पहिली कणकण नेमकी किती वाजता आली? आजी म्हणाल्या, "कालपासून ताप आहे." घरात थर्मामीटर लावला तो सोमवारी दुपारी, म्हणून घरच्यांच्या हिशेबाने ताप दुपारचा. पण पहाटे पाचला हुडहुडीने जाग आली, अंग ठणकत होतं, गोधडीवर गोधडी घेतली, हे सूनबाईंनी आठवून सांगितलं. घड्याळ तिथून सुरू होतं. पहाटे पाच ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा म्हणजे ३७ तास. थर्मामीटरच्या हिशेबाने ते जेमतेम २८ भरले असते. तारीख विचारली की लोक "काल", "परवा" सांगतात आणि त्यात सहज अर्धा दिवस हरवतो. म्हणून वेळ विचारायची. झोपेतून उठताना बरं वाटत होतं का, शेवटचं जेवण नीट गेलं ते कधी, असे प्रश्न विचारले की वेळ बरोबर सापडते.

अर्ध्या दिवसाला इतकी किंमत का, हे औषध काय करतं ते पाहिलं की लक्षात येतं. फ्लूचा विषाणू घसा आणि श्वासनलिकेच्या पेशीत शिरतो, तिथे स्वतःच्या हजारो प्रती काढतो आणि त्या प्रती पेशीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर येऊन चिकटून राहतात. पेशीवरच्या सियालिक आम्लाला त्या धरलेल्या असतात. तिथून सुटण्यासाठी विषाणूकडे न्यूरामिनिडेज नावाची कात्री असते. ती सियालिक आम्ल कापते आणि नवे विषाणू शेजारच्या पेशींकडे निघतात. ओसेल्टामिव्हिर या कात्रीच्या पात्यात अडकून बसतं. नवे विषाणू जागच्या जागी गोळा होऊन राहतात, पुढे पसरत नाहीत.

म्हणजे हे औषध विषाणूला मारत नाही. ज्या पेशी आधीच ताब्यात गेल्या त्यांना ते वाचवत नाही, आणि त्या पेशींमुळे पेटलेली सूज, ताप, अंगदुखी यांच्यावरही त्याचा थेट परिणाम नाही. ते फक्त पुढचा पसार रोखतं. फ्लूमध्ये विषाणूंची संख्या लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण पहिल्या एक ते तीन दिवसांत शिखरावर पोचते आणि मग शरीराच्या प्रतिकारशक्तीमुळे आपोआप उतरू लागते. शिखराच्या आधी दार लावलं तर बऱ्याच पेशी वाचतात. शिखर उलटून गेल्यावर लावलं तर अडवायला फारसं उरलेलं नसतं.

याचा मोजलेला पुरावाही आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ताप आल्यापासून बारा तासांच्या आत औषध सुरू केलेल्यांचा आजार, ४८ व्या तासाला सुरू केलेल्यांपेक्षा सुमारे तीन दिवसांनी कमी भरला. त्या अभ्यासात खोट्या गोळीचा गट नव्हता, म्हणून तीन हा आकडा घट्ट धरून बसू नये. पण दिशा स्पष्ट आहे: दोन दिवसांच्या आतसुद्धा पहिला दिवस दुसऱ्यापेक्षा कितीतरी मोलाचा.

आणि हे "दोन दिवस" म्हणजे काही पोलादी भिंत नव्हे. औषधाच्या मूळ चाचण्यांमध्ये लक्षणं सुरू होऊन साधारण दीड दिवसाच्या आत आलेल्या रुग्णांनाच घेतलं होतं. त्यावरून ४८ तासांची मर्यादा वेष्टनावर आली. ४७ व्या तासाला औषध चालतं आणि ४९ व्या तासाला बंद पडतं असं शरीरात काही घडत नाही. ४८ तासांचा नियम निरोगी, घरी बऱ्या होणाऱ्या माणसासाठी कामाचा आहे. रुग्ण दाखल करण्याइतका आजारी असेल किंवा मोठ्या जोखमीचा असेल, तर तिसऱ्या-चौथ्या दिवशीही औषध सुरू करतात. २००९ च्या साथीत दाखल झालेल्या २९ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी एकत्र तपासल्या, तेव्हा दोन दिवसांच्या आत औषध मिळालेल्यांचं मृत्यूचं प्रमाण उशिरा मिळालेल्यांच्या सुमारे निम्मं दिसलं, आणि पाचव्या दिवसापर्यंत प्रत्येक दिवसाच्या उशिराने धोका वाढत गेला. त्या नोंदी आहेत, चाचणी नव्हे. पण गंभीर रुग्णासाठी याहून चांगला पुरावा हाताशी नाही.

आता आजींचे ते ३७ तास गेले कुठे, हेही पाहू. सोमवार गेला पॅरासिटामॉल आणि काढ्यात. काढ्यात आलं, तुळस, मिरी आणि मसाल्याच्या डब्यातलं चक्रीफूल. चक्रीफूल मुद्दाम घातलं होतं, कारण "टॅमिफ्लू त्याचंच बनवतात" असं कुठेतरी ऐकलं होतं. त्यात अर्धं खरं आहे. चक्रीफुलातलं शिकिमिक आम्ल हा या औषधाचा कच्चा माल होता, पण त्यापासून ओसेल्टामिव्हिर व्हायला कारखान्यात रासायनिक प्रक्रियांची लांबलचक साखळी लागते. काढ्यात शिकिमिक आम्ल उतरतं, औषध नाही. घशाला बरं वाटतं म्हणून काढा जरूर घ्यावा, पण त्याच्या भरवशावर पहिला दिवस घालवू नये. मंगळवारची सकाळ गेली नातवाच्या अहवालाची वाट पाहण्यात. तो आला की मग जाऊ, असं ठरलं होतं. जोखमीच्या माणसाने अहवालासाठी थांबायचं नसतं, आणि झटपट चाचणी नकारात्मक आली म्हणून सुरू केलेलं औषध बंदही करायचं नसतं, कारण त्या चाचणीतून बरेच खरे फ्लू निसटतात.

कुणाला द्यायचं

आपल्याकडे शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार फ्लूच्या रुग्णांचे अ, ब आणि क असे गट करतात. साधा ताप-खोकला तो अ: औषधही नको, चाचणीही नको, फक्त लक्ष ठेवायचं. ब चे दोन भाग आहेत. तीव्र ताप आणि घसा फार दुखत असेल तर पहिला. तिथे डॉक्टर परिस्थिती बघून ओसेल्टामिव्हिर ठरवतात. दुसरा भाग जोखमीच्या माणसांचा, म्हणजे गरोदर स्त्रिया, ६५ वर्षांवरचे, मधुमेह, फुप्फुस, हृदय, मूत्रपिंड, यकृत यांचे जुने आजार असलेले, कर्करोगाचे वा एचआयव्हीचे रुग्ण, बराच काळ स्टेरॉइड घेणारे. यांना चाचणीची वाट न बघता औषध द्यायचं. धाप, छातीत दुखणं, गुंगी, रक्तदाब उतरणं, थुंकीत रक्त, निळसर नखं यातलं काही दिसलं की तो क: लगेच दाखल, लगेच औषध, आणि चाचणीही.

नातू सहा वर्षांचा, दम्यासारखं काही नाही, चौथ्या दिवशी ताप उतरून अंगणात पळायला निघालेला. त्याच्यासाठी विचार करायचं कारणच उरलं नव्हतं. तोच दोन वर्षांचा असता आणि पहिल्या दिवशी आला असता, तर उत्तर बदललं असतं.

वडिलांचा प्रश्न जरा सविस्तर बघू, कारण औषधाचा आग्रह सगळ्यात जास्त अशाच माणसांचा असतो. ते ५७ तासांवर होते, ताप १०० च्या आत आला होता, ऑक्सिजन ९८. निरोगी प्रौढाने वेळेत औषध घेतलं तरी मिळतं किती? २०१५ साली प्रौढांवरच्या सगळ्या चाचण्या एकत्र करून काढलेलं उत्तर असं: खात्रीने फ्लू झालेल्यांमध्ये लक्षणं सुमारे १२३ तासांऐवजी ९८ तासांत ओसरली, म्हणजे एक दिवस वाचला. छातीतला संसर्ग होऊन अँटिबायोटिक लागण्याचं प्रमाण ८.७ टक्क्यांवरून ४.९ टक्क्यांवर आलं. त्याच वेळी मळमळ ६ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर गेली आणि उलट्या ३ वरून ८ टक्क्यांवर. हा सौदा औषध दीड दिवसाच्या आत सुरू केल्यावरचा. ५७ व्या तासाला मिळकतीची बाजू जवळजवळ रिकामी होते आणि उलटीची बाजू तशीच राहते. दवाखान्यात भरती टळते का, याचं उत्तर घरी बरे होणाऱ्या रुग्णांसाठी २०२३ च्या एकत्रित विश्लेषणात "दिसत नाही" असंच आलं आहे. वडिलांना पॅरासिटामॉल, पाणी, विश्रांती आणि दुसऱ्या खोलीत झोपणं, एवढंच सांगितलं. ताप उतरून पुन्हा चढला, किंवा जिना चढताना दम लागला, तर मात्र त्याच दिवशी परत यायचं. फ्लू उतरल्यावर परत येणारा ताप बऱ्याचदा जिवाणूंच्या न्यूमोनियाचा असतो. ओसेल्टामिव्हिर त्यावर चालत नाही.

सूनबाईंना ताप येऊन चारच तास झाले होते, अंगात १०१. घरात सगळ्यात जास्त काळजी खरं तर त्यांची होती, पण औषधाची सगळ्यात जास्त भीतीही त्यांनाच वाटत होती. गरोदरपणात फ्लू जड जातो. वाढलेलं पोट फुप्फुसाला खालून दाबतं, हृदयावर आधीच जास्तीचा भार असतो, प्रतिकारशक्ती वेगळ्या रीतीने वागते. २००९ च्या साथीत याची जबर किंमत मोजावी लागली. गरोदर स्त्रियांवर औषधाची स्वतंत्र मोठी चाचणी झालेली नाही, पण गरोदरपणात हे घेतलेल्या हजारो स्त्रियांच्या नोंदींत बाळात व्यंग वाढल्याचं आढळलं नाही. त्यांना पूर्ण मात्रा लिहिली: ७५ मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसातून दोनदा, पाच दिवस. "गरोदर आहे म्हणून अर्धीच घेते" असं करायचं नाही, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. ताप पॅरासिटामॉलने खाली ठेवायचा, कारण चढा ताप स्वतःच बाळाला बरा नव्हे. बाळाची हालचाल कमी वाटली तर वेळ न पाहता प्रसूती विभागात जायचं.

आजींना ७५ नाही, ३० मिलिग्रॅम लिहिलं. हे औषध पोटातून यकृतात जातं, तिथे त्याचं खरं काम करणारं रूप तयार होतं, आणि ते रूप जवळजवळ सगळं मूत्रपिंडातून बाहेर पडतं. मूत्रपिंड मंद असेल तर ते रक्तात साठत जातं. क्रिएटिनिन १.४ हा आकडा कागदावर फार वाईट दिसत नाही, पण वय, वजन आणि स्त्री असणं धरून हिशेब केला की चित्र बदलतं. १४० मधून वय वजा केलं की ७२. त्याला वजन ५६ ने गुणलं तर ४०३२. ७२ गुणिले १.४ म्हणजे १००.८ ने भागलं की ४०. स्त्रियांसाठी ०.८५ ने गुणलं की ३४. म्हणजे मूत्रपिंडं मिनिटाला सुमारे ३४ मिलिलिटर रक्त गाळत होती. हा आकडा ३० ते ६० मध्ये असेल तर ३० मिलिग्रॅम दोनदा. १० ते ३० मध्ये असेल तर ३० मिलिग्रॅम एकदाच. ६० च्या वर असेल तर नेहमीची मात्रा.

औषध दुकानात ३० ची कॅप्सूल नव्हती, फक्त ७५ ची. हे नेहमी होतं. दुकानदाराने लहान मुलांचं पातळ औषध दिलं, आणि ते योग्यच होतं. अशा वेळी बाटलीवरचा एक आकडा वाचलाच पाहिजे. प्रति मिलिलिटर १२ मिलिग्रॅमची बाटली असेल तर ३० मिलिग्रॅमसाठी २.५ मिलिलिटर लागतं. ६ मिलिग्रॅमची असेल तर ५ मिलिलिटर. चहाच्या चमच्याने अंदाज करायचा नाही, सुई नसलेल्या मोजायच्या सिरिंजने घ्यायचं. बाटलीत कोरडी पूड असते, तिच्यात दुकानदाराकडूनच खुणेपर्यंत पाणी घालून घ्यावं आणि दरवेळी हलवून मग ओढावं.

२००९ च्या ऑगस्टमध्ये, पुण्यात देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू झाला त्या काळात, हे औषध सरकारी केंद्रांवर रांगा लावून घ्यावं लागे. २०१७ मध्ये विक्रीचे नियम सैल झाले आणि आता डॉक्टरांच्या चिठ्ठीवर साध्या दुकानातही मिळू शकतं. तरीही तालुक्याच्या गावात संध्याकाळी सातनंतर ते असेलच असं नाही. साथ चालू असताना जोखमीचं माणूस घरात असेल, तर जवळपास ते कुठे मिळतं हे आधी विचारून ठेवणं शहाणपणाचं.

बुधवारची सकाळ: मळमळ

आजींनी पहिला डोस मंगळवारी रात्री साडेआठला घेतला. दिवसभर तोंडाला चव नव्हती, दुपारी दोन घास आणि नंतर फक्त चहा. पोट रिकामंच होतं. नऊच्या सुमारास मळमळू लागलं आणि दहाला उलटी झाली. रात्री पुन्हा दोनदा कोरडे उमाळे आले. बुधवारी सकाळी त्या म्हणाल्या, "हे औषध मला सोसत नाही, बंद करा." घरच्यांनी साडेआठचा डोस दिला नाही. पण रोजच्या सवयीने ग्लिमेपिराइडची गोळी मात्र दिली, आणि नाश्ता झाला नाही. दहा वाजता आजींना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. ग्लुकोमीटरवर साखर ६८.

आजींच्या बाबतीत फ्लूपेक्षाही जास्त धोक्याचा क्षण हाच होता. मळमळीने माणूस सहसा मरत नाही. पण मधुमेहाचं माणूस मळमळीमुळे जेवलं नाही, वर साखर उतरवणारी गोळी घेतली, आणि मूत्रपिंड मंद असल्याने ती गोळी जास्त वेळ अंगात राहिली, तर साखर झपाट्याने उतरते. तीन चमचे साखर अर्धा पेला पाण्यात घोळून लगेच दिली. पंधरा मिनिटांनी साखर ९६. मग डॉक्टरांना फोन केला.

डॉक्टरांनी आधी उलटीबद्दल चौकशी केली. डोस घेतल्यापासून किती वेळाने झाली? दीड तासाने. पहिल्या अर्ध्या तासात उलटी झाली असती तर डोस पुन्हा द्यायला सांगितलं असतं. दीड तासात बराचसा भाग पोटातून पुढे गेलेला असतो, म्हणून तो डोस घेतला असंच धरायचं. मग मळमळ औषधाची की आजाराची की आणखी कशाची, हे तपासलं. औषधाची मळमळ सहसा डोसनंतर तासाभरात येते, पहिल्या एक-दोन डोसांना सगळ्यात जास्त असते आणि दुसऱ्या दिवसानंतर ओसरते. औषध पोटाच्या आतल्या अस्तराला चुरचुरतं, म्हणून रिकाम्या पोटी ती वाढते आणि अन्नासोबत कमी होते. आजींचं सगळं याच साच्यात बसत होतं. मेटफॉर्मिननेही मळमळतं, पण ते त्या वर्षानुवर्षं सहन करत होत्या. उलटीला औषधाच्या वेळेचा काही धरबंध नसता, पोटात कळा असत्या, किंवा आजी गुंगीत असत्या, श्वास जोरात चालला असता, तर डॉक्टरांनी घरी ठेवलं नसतं. साखर ३०० च्या वर असून उलट्या होत असत्या, तरी नाही.

ओसेल्टामिव्हिर बंद करायचं नाही, हे त्यांनी ठामपणे सांगितलं. उलटी म्हणजे ॲलर्जी नव्हे. अंगावर गांधी उठल्या, ओठ-चेहरा सुजला, श्वास घुसमटला, तर ती ॲलर्जी आणि मग औषध कायमचं बंद. उलटीसाठी औषध थांबवलं तर आजींच्या हातातला वेळेत सुरू केल्याचा फायदा गेला असता, कारण तेव्हा घड्याळ ५३ तासांवर होतं आणि विषाणूचं शिखर अजून उतरलेलं नव्हतं.

मग बेत असा ठरला. अकरा वाजता मऊ भाताची पेज करायची, थोडं तूप-मीठ घालून. आधी अर्धी वाटी पेज, मग औषध, मग उरलेली अर्धी वाटी. अन्नाने या औषधाचं शोषण बिघडत नाही, म्हणून "जेवणाआधी की नंतर" असा घोळ घालायचं कारण नाही, जेवणाच्या मधोमध घ्यायचं. कडू लागत असेल तर औषधानंतर लगेच जिभेवर गोड चाटण, आजींच्या बाबतीत साखर बघून. औषध घेतल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. पाणी घोटाघोटाने, एकदम पेलाभर नाही. तरीही मळमळ राहिली तर औषधाच्या आधी घ्यायला उलटी थांबवणारी गोळी डॉक्टरांनी सांगून ठेवली, पण आपल्या मनाने दुकानातून घ्यायची नाही असंही बजावलं. नीट जेवण सुरू होईपर्यंत ग्लिमेपिराइड बंद, उलट्या पूर्ण थांबेपर्यंत मेटफॉर्मिनही बंद, साखर दिवसातून चारदा तपासायची.

राहिलेल्या डोसचं गणितही लिहून दिलं. साडेआठचा डोस अकराला घ्यायचा, चुकला म्हणून रात्री दुप्पट घ्यायचा नाही. पुढचा रात्री दहाला, आणि गुरुवारपासून सकाळी नऊ, रात्री नऊ. चुकलेला डोस आठवला की घ्यायचा, फक्त पुढच्या डोसला दोन तासांपेक्षा कमी वेळ उरला असेल तर सोडून द्यायचा. एकूण दहा डोस. उलटीतला डोस धरून शेवटचा रविवारी सकाळी.

अकराच्या डोसनंतर थोडं मळमळलं, उलटी झाली नाही. रात्रीच्या डोसला तेवढंही नाही. सूनबाईंनी पहिल्यापासूनच कॅप्सूल जेवणात घेतली, त्यांना फक्त पहिल्या दिवशी पोट जड वाटलं.

पुढचे दिवस

आजींचा ताप गुरुवारी दुपारी १०० खाली आला, शुक्रवारी गेला. ऑक्सिजन दिवसातून तीनदा बघितला, ९५ च्या खाली गेला नाही. ९४ च्या खाली गेला तर थेट दवाखाना, असं आधीच ठरलं होतं. शनिवारी बरं वाटतंय म्हणून औषध थांबवू का, असं आजींनी विचारलं. थांबवलं नाही. पाच दिवसांचा क्रम पूर्ण केला. ग्लिमेपिराइड शनिवारी पूर्ण जेवण गेल्यावर पुन्हा सुरू केली. खोकला आणि थकवा आणखी दोन आठवडे राहिला. त्याला औषधाचं अपयश म्हणू नये, श्वासमार्गाचं अस्तर भरून यायला तेवढा वेळ लागतोच.

ओसेल्टामिव्हिर नसतं तर आजींना न्यूमोनिया झाला असता, असं या एका घरावरून म्हणता येत नाही. कदाचित त्या तशाही बऱ्या झाल्या असत्या. म्हणता येतं ते एवढंच: ज्यांच्यासाठी धोका मोठा होता त्या दोघींना औषध वेळेत मिळालं, आणि ज्यांना मिळकत नव्हती त्या दोघांना उलट्यांची जोखीम घ्यावी लागली नाही. सुधारायला जागा सोमवारी पहाटेच होती. घरात फ्लूचा रुग्ण असताना आजींना पहिली हुडहुडी भरली, तेव्हाच त्यांनी दवाखाना गाठला असता तर साडेएकोणचाळीस तासांऐवजी पाच-सहा तासांत पहिला डोस पोटात गेला असता, आणि पेज करायला वेळही मिळाला असता.

आजींच्या फाइलवर डॉक्टरांनी तीन ओळी लिहून ठेवल्या. मूत्रपिंडाचा वेग ३४, म्हणून ओसेल्टामिव्हिर ३० मिलिग्रॅम. जेवणाच्या मधोमध द्यावं. आजारात जेवण सुटलं तर ग्लिमेपिराइड त्याच दिवशी थांबवावी. पुढच्या पावसाळ्याआधी फ्लूची लस द्यायची तारीख खाली लिहिली.